गठ्ठ्यात नसलेले दोन मेल

सेलूच्या दिनकररावांचा कागदावर विश्वास नव्हता, माणसांवर तर त्याहून नव्हता. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत चौकशीच्या फायली वाचून त्यांची नजरच तशी झाली होती. कुणी सरळ बोललं तरी ते आधी विचारायचे, "हे आत्ताच का सांगायलास?"

म्हणूनच शेजारच्या बन्सीधरची मुलगी राजेश्री रविवारी सकाळी छापील मेलचा गठ्ठा घेऊन त्यांच्याकडं आली. परभणीच्या एका बियाणे कंपनीत ती तपासणी विभागात होती. सोयाबीनचा एक लॉट झरी गावाकडच्या रानांत नीट उगवला नव्हता आणि कंपनीनं तिच्याकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता.

"काका, आमचे साहेब, सारंग सर, मला अडकवायलेत असं वाटायलंय. का माझ्याच मनाचे खेळ हायत?"

बत्तीस मेल होते. छापताना सगळ्यात नवा मेल वर आला होता. दिनकररावांनी सगळे तारीख-वेळ बघून जुन्यापासून लावले आणि तांबडी पेन्सिल घेतली.

दोन तास ते वाचत राहिले. एकाही मेलात सारंगनं तिला दोष दिलेला नव्हता. पण शब्द सरकत गेलेले दिसत होते. जूनच्या सुरुवातीला होतं, 'आपण लॉट पाठवू.' पहिली तक्रार आली आणि झालं, 'टीमकडून घाई झाली.' मग, 'राजेश्रीनं सोडलेला लॉट.' शेवटी तर, 'माझी परवानगी न घेता.'

"हे बघा, इथं मोठ्या मॅडमला मधी घेतलं," राजेश्री बोट ठेवत म्हणाली. मोठ्या मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख प्रभावतीबाई.

दिनकररावांनी दोन पानं मागं उलटली. "हे त्यानं न्हाई, तूच केलंस. परवाच्या तारखेला तुझ्या मेलात त्यांचं नाव हाय. संशय घ्यावा, पण दुसऱ्याच्या माथी आपलं मारू नये."

तिनं बोट मागं घेतलं. ते पुन्हा पहिल्यापासून वाचत गेले आणि बारा जूनच्या मेलवर थांबले. तिनं सारंगला लिहिलं होतं, 'कालच्या आपल्या उत्तराप्रमाणे गाडी निघाली.'

"कोणतं उत्तर? ह्या गठ्ठ्यात न्हाई."

"असंल कुठंतरी."

"राजेश्री, तू सगळे छापलेस का?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. दिनकररावांना वाटलं, आता आपण हिलाही संशयितांत धरावं. शेवटी तिनं मोबाइल काढून दोन मेल दाखवले. अकरा तारखेचा तिचा: 'पाचव्या दिवसाची उगवणीची मोजणी चांगली आहे. लॉट तयार आहे. पाठवू का?' खाली सारंगचं उत्तर, फक्त तिलाच: 'गाडी जाऊ द्या. आठव्या दिवसाचा अहवाल मागून जोडू.' त्यानंतर सारंगनं एका जुन्याच मेलवरून पुढचं लिहिलं होतं. त्यामुळं पुढच्या साखळीत हे दोन्ही दिसतच नव्हते.

"हे तर तुझ्या फायद्याचं. मग लपवलंस कशापायी?"

"वरचं माझं वाक्य, काका. आठव्या दिवसाची शेवटची मोजणी व्हायच्या आधी 'तयार आहे' लिहिलं मी. ते दिसलं की संपलंच की!"

दिनकररावांनी चष्मा पुसला. "हे बघ. दोष तुझ्याकडं सरकवला जायलाय, हे खरं. 'आपण'चं 'राजेश्रीनं' झालं, अन् स्वतःची परवानगी त्यानं गिळली, एवढं कागदावर हाय. त्यानं ठरवून केलं का जुना मेल उघडून बसला म्हणून झालं, ते कागद सांगत न्हाई. म्हणून तू बी सांगू नको. तारखा लिही. दोन्ही मेल मूळचेच जोड, मॅडमलाही पाठव. विशेषणं नकोत."

"अन् माझी चूक?"

"पहिल्याच ओळीत लिही. अर्धं दाखवलंस, तर तू बी तेच करायलीस जे तो करायलाय."

खुलासा लिहायला तिला संध्याकाळ झाली. 'डाव', 'मुद्दाम' असे शब्द दिनकररावांनी तांबड्या पेन्सिलीनं काढले. सोमवारी खुलासा गेला.

बुधवारी प्रभावतीबाईंनी दोघांना समोर बसवलं. सारंग म्हणाला, "मॅडम, ते उत्तर ध्यानातनं निसटलं होतं." खरं की खोटं, कुणी विचारलं नाही. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली, 'परवानगी न घेता' हे वाक्य नोंदीतून काढलं गेलं, आणि आठव्या दिवसाच्या अहवालाशिवाय गाडी हलणार नाही असं ठरलं. शेतकऱ्यांना दुसरं बियाणं गेलं.

राजेश्री अजून सारंगच्याच हाताखाली आहे. तो आता मेल कमी लिहितो, फोनच जास्त करतो. फोन ठेवला की ती लगेच मेल लिहायला घेते: 'सर, आत्ता फोनवर ठरलं ते असं.'