भोंग्यातून न वाचलेलं सातवं कलम

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. अमरावतीच्या कॉलेजात वर्गातली पोरं माझ्या खेडवळ बोलण्याला हसायची. अकोल्याला नोकरी लागली ती त्याच बोलण्यामुळे. जिल्ह्याच्या प्रचार कार्यालयाला असा माणूस हवा होता, जो सरकारी कागद वाचून लोकांच्या भाषेत उतरवील. मी जठारपेठेत खोली घेतली आणि कामाला लागलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मुंबईहून योजनांची परिपत्रकं यायची, मी त्यांची ऐकायची संहिता करायचो, आणि जीपवरच्या भोंग्यातून बाजारा-बाजाराला ती मीच वाचायचो.

हे काम मला चांगलं येत होतं, हे सांगताना मला लाज नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ आधी काढून टाकायचं. एका दमात संपेल एवढंच वाक्य ठेवायचं. योजना कोणासाठी, मिळणार काय, जायचं कुठं, कधीपर्यंत. तारीख दोनदा सांगायची, कारण पहिल्यांदा माणूस मिरच्यांचा भाव करत असतो. शेवटी सगळं पुन्हा थोडक्यात, जो आत्ताच येऊन उभा राहिला त्याच्यासाठी. लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचून बघायचं. जीभ अडली तिथं वाक्य मोडायचं.

त्या वर्षी सरकारी पडीत जमिनीचं परिपत्रक आलं. भूमिहीन माणसानं काही हंगाम अशी जमीन वाहिली असेल, तर त्यानं अर्ज करावा, जमीन त्याच्या नावे करण्याचा विचार होईल. कलमं नऊ होती. मी संहिता केली आणि साहेबांना वाचून दाखवली. साहेब पुण्याचे. टेबलावर घड्याळ काढून ठेवून ऐकायचे.

“तीन मिनिटं झाली. बाजारात तीन मिनिटं कोण उभं राहतं? दीड कर.”

“काय गाळू, साहेब?”

“‘परंतु’ गाळ. ‘परंतु’ कधी बाजारात चालत नाही. अटी तहसीलीत कळतील त्यांना.”

सातवं कलम ‘परंतु’नं सुरू होत होतं. गावाच्या गुरचरणासाठी राखलेल्या जमिनींना योजना लागू नाही, आणि तिथलं अतिक्रमण उभ्या पिकासह काढलं जाईल. मी ते गाळलं. वर मोकळ्या झालेल्या जागेत पदरचं एक वाक्य घातलं, कारण संहितेला माणसाचा आवाज पाहिजे असं मला वाटायचं. “भिऊ नका, खुल्या मनानं आपलं नाव सांगा, सरकार तुमचंच हाये.” साहेब म्हणाले, “हे छान.” मलाही छान वाटलं.

मूर्तिजापूरकडच्या एका बाजारात मी ते वाचलं. बाजार माझ्या मामाच्या गावचा. मामा भूमिहीन, आम्हा साऱ्यांसारखा छप्पन सालापासून बौद्ध. गावाबाहेरच्या गुरचरणात काटेरी झुडपं उपटून त्यानं तीन एकर रान केलं होतं आणि सात-आठ वर्षं त्यात ज्वारी पेरत होता. दुसरी जमीन कुठली असणार? शेतं पाटलाची, नदीकाठ माळ्यांचा. कोणाच्या मालकीची नव्हती ती गुरचरणाची. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या रानात मी स्वतः पाखरं हाकली होती. तरी सातवं कलम गाळताना ते रान मला आठवलं नाही. कागद समोर असला की मला कागदच दिसायचा. शिकलेला होतो ना.

वाचून झाल्यावर मामा जीपपाशी आला. सोबत चार-पाच शेजारी होते.

“माह्या भाच्याचा आवाज हाये हा,” तो त्यांना म्हणाला. “बी.ए. हाये. आयकलं ना, काय म्हणते? भिऊ नका म्हणते.”

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बापू, आजवर तलाठी डोये झाकून बसला हाये. आपुनच जाऊन सांगतलं त मंग?”

मी म्हणालो, “बाबा, आता तलाठ्याच्या मर्जीवर काहून राहायचं? कायद्यानं घ्या.”

“बस!” मामा म्हणाला. “उद्या पयला अंगठा माहा.”

आणि खरंच पहिला अंगठा त्याचाच लागला. जमिनीचा नंबर, किती वर्षं वाहतो, काय पेरलं, सगळं त्यानं अर्जात खरं लिहवून घेतलं. त्याच्या मागून आख्ख्या वस्तीनं लिहवलं.

पुढं महिन्या-दीड महिन्यानं साहेबांनी मला बोलावलं. तहसीलीतून पत्र आलं होतं. साहेब हसत होते. “तुझी तारीफ आहे. गुरचरणातल्या अतिक्रमणांची इतकी पुरी यादी त्यांना आजवर मिळाली नव्हती. लोकांनी आपणहून सह्या-अंगठे दिलेत, चौकशीसुद्धा करावी लागली नाही.”

मी म्हटलं, “साहेब, हे सातवं कलम आपण वाचलंच नाही.”

“मूळ परिपत्रक चावडीवर लावलेलं होतं,” ते म्हणाले. “आपण काही खोटं सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं.

मी तलाठ्याला जाऊन भेटलो. विनवलं, अर्ज मागं घेता येईल का. तो पानाला चुना लावत हसला. “बी.ए.साहेब, तुमचा मामा दर साली मले पायलीभर ज्वारी द्यायचा, मी तिकडं पायतच नोयतो. आता त्यानंच लिहून देल्लं, ‘मी चोरी करून राह्यलो’ म्हनून. त्याच्या अंगठ्यावर मी कसा बोया फिरवू?”

पुढच्या बाजाराला नवी सूचना आली. गुरचरण खाली करावं, उभं पीक सरकारजमा. संहिता मला करायला सांगितली, वाचायलाही मलाच. मी म्हटलं, दुसऱ्याला पाठवा. साहेब म्हणाले, “तुझा आवाज ओळखतात लोक. विश्वास ठेवतात. आणि यंदा तुला कायम करायचं आहे ना?”

मी गेलो. या वेळी एकही कलम गाळलं नाही. बाजारातले पाटलाकडचे लोक हसत होते, एक ओरडला, “जोरानं वाच, मास्तर, माह्या बैलाईले आयकू येऊन नाही राह्यलं!” बैल त्यानं आधीच रानाच्या बांधावर आणून बांधले होते. ज्वारी कणसात आली होती. मामा भोंग्याखाली उभा राहून सगळं ऐकत होता. तारीख मी दोनदा सांगितली, शेवटी सगळं पुन्हा थोडक्यात सांगितलं. मी खाली उतरलो तेव्हा तो जवळ आला.

“हे त्या कागदात तवाच होतं काय रे?”

“होतं, मामा.”

“तुवा वाचलं होतं?”

“वाचलं होतं.”

शेजाऱ्यांपैकी कोणी तरी शिवी हासडली. मामानं त्याला हातानं थांबवलं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं एकवार पाहिलं आणि शेजाऱ्यांना म्हणाला, “चाला. त्याले दुसऱ्या गावच्या बाजारात वाचाचं असंन.”

खरोखरच वाचायचं होतं. चार वाजता जीप पुढच्या गावी पोचली आणि मी भोंग्याचा माइक हातात घेतला. दिवाळीनंतर मी कायम झालो.