टोपवाल्यांचा हॅशटॅग

टोपवाल्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक त्यांनाही होतं, पण इतरांना ठाऊक असल्याचं नव्हतं. पंचविशीतच पुढून रान मोकळं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी पहिला केसांचा टोप शिवला. तो इतका जमला की पुढे धंदाच तो झाला. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवून ते म्हणायचे, "मला देवाने केस भरभरून दिले, म्हणून दुसऱ्यांना द्यावेसे वाटतात." गिऱ्हाईक मान डोलवायचं. ज्याच्याकडून स्वतःचं टक्कल झाकून घ्यायचं, त्याचं उघडं कोण करणार?

कारागीर मात्र अस्सल. जाळीवर एकेक केस सुईने ओवायचे आणि कपाळाजवळची रेघ मुद्दाम थोडी वाकडीतिकडी ठेवायचे, कारण देवसुद्धा पट्टी लावून केस उगवत नाही. दुकानाला पुढून काचेचं दार होतं आणि मागून गल्लीत उघडणारं एक लाकडी दार. धंदा सगळा मागच्या दाराने चालायचा. पुढच्या दाराने फक्त पत्ता विचारणारे यायचे.

हल्ली मागचं दारही फारसं वाजेना. लोक घरबसल्या फोनवरून टोप मागवू लागले होते. म्हणून बायकोचा भाऊ मदतीला धावून आला. हा मेहुणा जाहिरातीचा कसलासा कोर्स करून बसला होता, आणि तेव्हापासून साध्या बोलण्यातही त्याच्या तोंडून पाट्याच बाहेर पडायच्या.

"दाजी, आपला हॅशटॅग काढू. गिऱ्हाइकं स्वतःच फोटो टाकतील. फुकट जाहिरात."

"आपली गिऱ्हाइकं?" बायकोने मागच्या खोलीतून विचारलं. मापं घेणं आणि टोप बसवणं तिच्याकडे होतं. "ती घरच्यांनासुद्धा सांगत नाहीत, जगाला सांगतील?"

पण बायकोचं ऐकायचं नाही हा टोपवाल्यांचा संसारातला एकमेव नियम होता. #केसआमचेऐटतुमची असा हॅशटॅग ठरला. बक्षीस ठरलं: महिन्याला एका भाग्यवंताचा टोप मोफत धुऊन, विंचरून मिळेल. मेहुण्याने भाग घेण्याचे नियम लिहिले. त्यात 'सहभागी व्यक्ती' होती, 'उपरोक्त छायाचित्र' होतं, आणि शेवटी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'हॅशटॅग वापरल्यास फोटो कुठेही, कधीही वापरण्यास कायमची परवानगी आहे असे समजले जाईल.' ते शेवटपर्यंत कुणी वाचलं नाही हेच नशीब.

हॅशटॅगखाली एकच फोटो आला, मेहुण्याचा. त्याच्या डोक्यावर स्वतःचेच दाट केस होते.

"सुरुवात दमदार हवी, दाजी. दुकानाच्या फोनवर गिऱ्हाइकांचे इतके फोटो पडलेत. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी लावू."

ते फोटो लोकांनी मापासाठी पाठवलेले. कपाळाची रेघ कुठून धरायची, भांग कोणत्या बाजूला, टोप नीट बसला का, एवढ्यासाठी. टोपवाले क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "आपल्याच फोनवर आलेत, म्हणजे आपलेच की." माणूस वाईट नव्हता. पण फुकटची जाहिरात म्हटलं की चांगल्या माणसाचाही मेंदू बाजूला होतो.

दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो लागला तो गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. आजारपणात त्यांचे केस गेले होते. एका बाजूला उघडं डोकं, दुसऱ्या बाजूला टोप, खाली हॅशटॅग.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पुढच्या दाराने. गिऱ्हाईक पुढून येताना टोपवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली.

"नववीच्या वर्गात माझा फोटो फिरतोय," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा सरळ होता. "तो मी तुम्हाला मापासाठी पाठवला होता."

टोपवाल्यांनी घाईघाईने फोटो काढून टाकला. पण काढला तरी नववीच्या फोनांमधून तो थोडाच निघणार होता. केसाने गळा कापणं म्हणतात, ते या दुकानात अक्षरशः घडलं होतं. बाई तशाच निघून गेल्या आणि चार जणांना हे सांगितलं, तर मागचं लाकडी दार कायमचं बंद होईल, हे टोपवाल्यांना कळत होतं. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "नियमांत परवानगीचं लिहिलंय."

"मी हॅशटॅग वापरलाच नाही," बाई म्हणाल्या. "आणि वापरला असता तरी माझी परवानगी आहे असं तुम्ही परस्पर कसं समजणार?"

मेहुणा पाट्यांसकट दोन पावलं मागे सरकला. इथे टोपवाल्यांनी गप्प बसायचं होतं. पण ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "चुकलंच आमचं, बाई. पण खरं सांगू का, टक्कल ही काही लाजायची गोष्ट नाही."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि बायको दुकानाचा फोन घेऊन बाहेर आली.

"मग तुमचा टाकू," ती शांतपणे म्हणाली. "टोप काढा. फोटो घेते आणि आपल्या पानावर लावते. चालेल का? हो की नाही, एवढंच सांगा."

टोपवाल्यांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दोघींच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि सगळ्यात जास्त तेच लागलं. इतकी वर्षं देवाने भरभरून दिलेलं या दोघी निमूट ऐकून घेत होत्या.

"नाही," ते कसेबसे म्हणाले.

"बघा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला निदान विचारलं तरी."

त्या पुढच्याच दाराने गेल्या. टोपवाल्यांना लाज वाटली, खरीखुरी, आणि ती टकलाची नव्हती.

मेहुण्याचे नियम उतरले. बायकोने साध्या भाषेत पाटी लिहिली. 'तुमचा फोटो तुम्हीच काढा. चेहरा नको असेल तर पाठमोरा चालेल. सोबत कुणी असेल तर त्यालाही विचारा. तुमच्या खात्यावर हॅशटॅगसह टाका, झालात सहभागी. खातं खाजगी असेल तर आम्हाला दिसणार नाही. आमच्या पानावर लावण्याआधी आम्ही निरोप पाठवून विचारू. हो आलं तरच लावू, उत्तर नाही आलं तर ते नाहीच समजू. नाही म्हटलं तरी बक्षिसाच्या चिठ्ठीत नाव राहील. नंतर मन बदललं तर कळवा, काढून टाकू.' मापाचे फोटो मापापुरतेच, हे तिने ठळक लिहिलं आणि काम झालेले फोटो फोनवरून पुसले.

हळूहळू पाठमोरी डोकी येऊ लागली. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. एक दिवस मुख्याध्यापिकांचाही आला, फळ्यावर लिहिताना, पाठमोरा. टोपवाल्यांनी स्वतः निरोप लिहिला, 'आमच्या पानावर लावू का?' बाईंचं उत्तर आलं, 'नाही.' खाली आणखी एक ओळ होती, 'पण विचारलंत.' मेहुणा हळहळला. टोपवाल्यांनी त्याला दुकानाच्या फोनला हात लावू दिला नाही.

त्यानंतर एका दुपारी मागच्या खोलीतून त्यांच्या फोनवर बायकोचा निरोप आला. सोबत फोटो होता. त्यात ते स्वतःचा टोप काढून, मान खाली घालून जाळीत केस ओवत होते, मागून उजेड पडला होता आणि डोकं चांगलं लखलखत होतं. खाली लिहिलं होतं, 'वापरू का?'

त्यांनी 'नाही' लिहिलं. पुसलं. पलीकडे बायको उत्तराची वाट बघत बसली होती, तिच्या बांगड्यांचाही आवाज नव्हता.

मग त्यांनी 'हो' लिहिलं.

संध्याकाळपर्यंत फोटोखाली ओळखीपाळखीच्या कितीतरी जणांनी 'छान काम' असं लिहिलं. हे डोकं कुणाचं, असं मात्र कुणीही विचारलं नाही.