काळं मीठ

अमिषाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं उरणच्या बाजारात सगळेच म्हणतात. तिची आई सोनूबाई बावीस वर्षं मिठागरात राबली. टाचांच्या भेगांत खारं पाणी गेलं की शिव्या घालायची, पण काम सोडलं नाही. लेकीनं मात्र विपुलशेठच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटर धरला.

त्या दिवशी मिठागरवाल्यांच्या गटाचे धर्माजीकाका पिशवीचा नमुना बघायला आले. गटाच्या निळ्या टेम्पोसाठी मिठाच्या पांढऱ्या ढिगाचा लोगो अमिषानं एआयकडून आधीच काढून घेतला होता. आता पिशवी होती पांढरी. शेठ म्हणाले, डोकं कशाला शिणवतेस, रंग उलटे करून दे म्हणून एआयला सांग. अमिषानं मुकाट्यानं तसंच लिहिलं. एआयनं रंग उलटे करून दिले आणि ढीग झाला काळाकुळकुळीत.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पोरी, मीठ हाय का कोलसा?"

शेठ हसले. लोकांना वाचता आलं म्हणजे झालं, संध्याकाळी पिशव्या छापायला जायच्यात, म्हणाले. अमिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग शेठचा होताच, त्याहून जास्त स्वतःचा होता. काळं मीठ मिठागरवालीच्या लेकीच्या हातून निघावं?

तिनं पुन्हा लिहिलं, ढीग पांढराच ठेव. एआयनं ढिगाला बारीक करडी कड आणि सावली दिली. पडद्यावर छान दिसलं. पिशवीच्या मापाला छापून पाहिलं तर कड गायब, ढीग कागदात विरघळलेला. शेठ घड्याळ दाखवू लागले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग तिनं दात-ओठ खात नीट सांगितलं. रंग उलटे करू नकोस. ढिगाचा आकार दोन्हीकडे तोच. पांढऱ्या पिशवीसाठी मागे भरीव गडद निळा गोल, त्यात ढिगाची जागा कोरी पांढरी. निळ्या टेम्पोसाठी गोल नको, नुसता भरीव पांढरा ढीग. सावली नको, बारीक रेघ नको, अक्षरं नकोत. गटाचं नाव तिनं स्वतः टाइप केलं, कारण एआय जोडाक्षरांची मोडतोड करत होतं. दोन्ही लोगो अंगठ्याएवढे छापले, एक पांढऱ्या पिशवीवर, एक कागदावर निळा रंग भरून त्यात, आणि दुकानाच्या दारापर्यंत मागे जाऊन पाहिले. दोन्ही ढीग लख्ख दिसत होते.

काका खूश झाले. शेठ लगेच पुढे सरसावले. "एआय आहे ना आपल्याकडे. दोन मिनिटांत सगळं करतं."

अमिषा खुर्चीवरून उठली.

"एआयनं मीठ काळं केलं होतं, शेठ, आणि तुम्ही ते छापायला निघाला होता. मीठ पांढरं असतं हे त्याला मी सांगितलं. मला माझ्या आईनं दाखवलं होतं."

शेठनी पिशवीचा नमुना उचलला आणि त्यावर छपाईच्या मंजुरीची सही केली.