माझा रिकामा रकाना

प्रभादेवीला आमच्या इमारतीत हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो की गणपतीतल्या मुलांच्या स्पर्धा, माइक माझ्या हातात असतो. कुणी देतं म्हणून नव्हे, मी घेते म्हणून. अशी बाई पन्नाशी उलटल्यावर समाजशास्त्रात एम.ए. करायला दादरला संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली. गटप्रकल्प जाहीर झाला तेव्हा मला वाटलं, ज्या गटात मी जाईन त्याचं नशीब उघडलं.

गटात आम्ही तिघं. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर काम करणारी पंचविशीतली मुलगी, ती गटप्रमुख. कुरिअर कंपनीत नोकरी करणारा एक तरुण. आणि दोघांची काकू, ती मी. विषय होता, गिरण्या बंद पडल्यावर कामगारांसाठी खाणावळ चालवणाऱ्या बायकांचं काय झालं. लालबागच्या चाळीत माझी मावशी राहून गेलेली, त्या ओळखीवर मी अशा तीन आज्या शोधून काढल्या. त्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि शब्दशः लिहून काढायच्या, हे काम मी छातीठोकपणे माझ्याकडे घेतलं. तरुणाने वाचन करायचं, गटप्रमुखाने मुलाखतींतून मुद्दे काढून अहवाल लिहायचा.

मॅडमनी पहिल्याच दिवशी अट सांगितली होती. अहवालाबरोबर योगदानाची नोंद द्यायची: काम कोणतं, कुणी घेतलं, कधी द्यायचं ठरलं, कधी दिलं, पुरावा कुठे. तिघांनी वाचून सही करायची. अहवालाला गुण मिळतील ते गटाचे, पण नोंद बघून प्रत्येकाचे कमीजास्त होतील. ज्याच्या रकान्यात काम नाही त्याचं नाव अहवालावर नाही. नाव नाही म्हणजे प्रकल्पात नापास, म्हणजे वर्ष पुन्हा.

लेखन द्यायची तारीख उलटून पाच आठवडे गेले. त्या दोघांचे रकाने दर रविवारी भरत होते. माझा कोरा. मी दर बैठकीला एक डबा आणि एक कारण घेऊन जायची. नणंदेचं ऑपरेशन झालं, मोबाईल पाण्यात पडला, बोट कापलं. बोटाला पट्टी बांधून गेले तेव्हा तर अभिनय इतका रंगला की तरुणाने खरोखर माझी पिशवी उचलली. तो कोथिंबीर वडी खात म्हणायचा, "वडीसाठी एक रकाना काढू या ना. यात काकू पहिल्या येतील."

गटप्रमुख हसायची, एक वडी घ्यायची आणि माझ्या ओळीत लिहायची: "मुलाखती झाल्याचं सांगितलं. लेखन मिळालं नाही." दर रविवारी तेच वाक्य. पुढे उद्गारचिन्हसुद्धा नाही.

सहाव्या आठवड्यात तिने मला वर्गाआधी कॅन्टीनमध्ये बोलावलं. एकटीला.

"काकू, तो म्हणतो, सगळ्यांना सारखं लिहून टाकू. काकूंचं वर्ष जायला नको."

"गुणी मुलगा आहे," मी म्हटलं.

"मी तसं लिहिणार नाही. पण तुमच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी मला विचारायचंय, अडलंय कुठे?"

मी नणंदेपासून सुरुवात केली. तिने चहा ढवळला, ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "अडलंय कुठे?"

आता माझ्याकडे नातेवाईक उरले नव्हते. मी मोबाईल काढून तिच्यासमोर ठेवला. पाण्यात न पडलेला. पहिली मुलाखत चाळीस मिनिटांची होती. तिने एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला, एक माझ्या. आमची मावशी, तिची सोलकढी, चाळीतलं लग्न, गच्चीवर पळालेला नवरदेव, सगळं माझ्या आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणा ना. आजींच्या वाट्याला "हो गो" आणि "मग काय झाला?" एवढंच. दुसरी तशीच. तिसरीत तर आजींनी मलाच विचारलं होतं, "चा घेतलंस मां?" घरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी गार झाले होते. लिहून काढायचं काय? माझंच भाषण? आणि हे या दोघांना सांगायचं कसं? त्यापेक्षा बोट कापलेलं बरं.

मला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत तर तीनही परत करता आल्या असत्या. आता वेळ नाही. दोन मुलाखती आम्ही दोघं घेतो, त्या आमच्या नावावर जातील. एक तुम्ही परत घ्या. चार प्रश्न. लेखन पुढच्या शुक्रवारपर्यंत. जमेल?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर तसं लिहीन. काकू, एक सांगू? प्रश्न विचारलात की मनात वीसपर्यंत मोजा."

मी लालबागला पहिल्या आजींकडे परत गेले, पुन्हा परवानगी विचारली, फोन सुरू केला, पहिला प्रश्न विचारला आणि तोंड मिटलं. बारापर्यंत मोजताना मला घाम फुटला. आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"आज गप कित्याक गो? बरा नाय काय तुका?"

मी नुसती मान हलवली. तेरापासून पुढे मोजत राहिले. आणि मग आजी आपणहून उठल्या, मला खाटेवरून उठवलं आणि खाटेखालची पेटी ओढली. आत स्टीलची ताटं होती. प्रत्येकाच्या कडेला खिळ्याने कोरलेली वेगळी खूण. प्रत्येक माणूस आपलं ताट आणून ठेवायचा, म्हणाल्या, आणि गिरणी गेली तेव्हा एकेक जण गावी निघून गेला. "सांगान कोण गेलो नाय. लाज वाटली असतली. मी ताटा धुवन ठेवलंय."

मागच्या खेपेस चाळीस मिनिटं मी त्या ताटांवर बसून सोलकढीबद्दल बोलत होते.

लेखन शुक्रवारी दिलं. शेवटची चार पानं टाइप करायला मला तरुणाने मदत केली. रविवारी गटप्रमुखाने नोंदीचा कच्चा मसुदा दोघांना पाठवला आणि सोमवारी वर्गाच्या बाकावर आम्ही त्याची छापील प्रत वाचायला बसलो. माझ्या ओळीत लिहिलं होतं: पहिल्या तीन मुलाखती वापरता आल्या नाहीत. एक मुलाखत पुन्हा घेतली, लेखन बदललेल्या तारखेला दिलं. मूळ तारखेपासून सहा आठवडे उशीर. अहवाल-लेखनात सहभाग नाही.

"अगं, सहा आठवडे जरा..." तरुण म्हणाला. "काकू आजारी होत्या असं लिही."

"नव्हते रे," मी म्हटलं.

"कारणं लिहायची नाहीत, स्वभावही लिहायचा नाही," ती म्हणाली. "काम आणि तारीख."

मग मी खाली वाचलं. आणखी एक ओळ होती: "तिन्ही खाणावळवाल्या शोधल्या, त्यांची संमती मिळवली, पुढच्या मुलाखतींसाठी सहकाऱ्यांची ओळख करून दिली." हे मी काम म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं.

"हे काय?"

"आम्ही गेलो तेव्हा दोन्ही आज्यांनी तुमचं नाव ऐकून दार उघडलं. हे तुमचंच आहे, मग लिहायला नको?"

मी पेन घेतलं आणि लेखनाच्या नोंदीपुढे लिहिलं, "शेवटची चार पानं टाइप करायला सहकाऱ्याची मदत." तिने वाचलं, तीच चार पानं तरुणाच्या ओळीत भरली आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिघांनी सह्या केल्या.

मॅडमनी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या ओळीतलंच विचारलं. ताटांबद्दल विचारलं तेव्हा मी जेवढं आजी बोलल्या होत्या तेवढंच सांगितलं. मुखपृष्ठावर तीन नावं होती, माझं तिसरं. गुण मला तिघांत सर्वांत कमी मिळाले, पण पास होण्याइतके. घरी नवऱ्याने कागद पाहून विचारलं, "बाकीच्या दोघांना जास्त कसे?"

"कारण त्यांनी जास्त केलं," मी म्हटलं. आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यापुढे एकही गोष्ट जोडली नाही.