शून्याला ओ म्हणणारा दुकानदार

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे 'मिरची' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कानाच्या मशीनच्या सर्व्हिस सेंटरात ती पंधरा वर्षं एकच काम करत आली: दुकानदार मशीनच्या स्टिकरचे फोटो पाठवतात, त्यावरचे नंबर बघून कॉम्प्युटरमध्ये घालायचे. फोटो कसले, देवाची करणी! कुठे अंगठा, कुठे ट्यूबलाइटची चमक, कुठे स्टिकर सोडून टेबलच. ती रोज कुणाच्या तरी नावाने बोटं मोडायची.

त्या सकाळी मात्र तिचा पारा खरोखरच चढला. एका लांबच्या दुकानात एका चार वर्षांच्या मुलीसाठी नवं मशीन पोचलं होतं. जुनं बंद पडल्यापासून पोरगी बोलायची थांबली होती. हाकेला ओ द्यायला नुकतीच कुठे शिकली होती, तेही विसरत चालली, असं तिची आई दुकानातूनच फोनवर रडत सांगत होती. नवं मशीन चालू व्हायला स्टिकरवरचा कोड सेंटरातून घालावा लागे. पाच वेळा चुकला की मशीन लॉक, मग ते कारखान्यात परत जाणार आणि महिनाभर येणार नाही. साहेबांनी नवीन आणलेल्या, फोटो आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामने तीन वेळा कोड चुकवून ठेवला होता.

"अहो, मग बाकीचे दोन चान्स घेऊन टाका की," साहेब चहा फुंकत म्हणाले. "शून्य नाहीतर ओ. दोनच तर शक्यता."

"दोन नाहीत, चार!" मिरची तडकली. "एका जागी शून्य की कॅपिटल ओ, दुसऱ्या जागी एक की स्मॉल एल. या कोडात लहानमोठी अक्षरं, आकडे सगळं चालतं. तुमच्या प्रोग्रामने कुठली जोडी तीन वेळा घातली, तेही त्याने नोंदवून ठेवलं नाही. आणि चान्स तुमच्या पोरीचा असता, तर असाच फुंकून प्यायला असतात का?"

तिने दुकानदाराला फोन लावला.

"वाचा बघू, एकेक अक्षर."

"के, सात, ओ..."

"ओ म्हणजे?"

"ओ म्हणजे ओ हो ताई! फोन नंबरात नाही का आपण म्हणत, नाईन एट ओ..."

"म्हणजे शून्य?"

"हो ना. ओ!"

"अरे, शून्याला ओ म्हणायला तुला कुणी सांगितलं? तो ओ अक्षराचा आहे की आकड्याचा?"

"ते मला काय दिसतंय ताई, दोन्ही गोलच की."

तिने कपाळावर हात मारून घेतला. असल्या माणसाचं ऐकून कोड टाकायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. "मला फोटो पाठव. पण तोच मघाचा अंधूक नको. खिडकीशी जा, स्टिकर जरा तिरका धर म्हणजे चमक जाईल. पूर्ण स्टिकर घे, नुसता कोड नको. आणि फोटो म्हणून नको, फाईल म्हणून पाठव, नाहीतर वाटेत तो बारीक होऊन त्याचा चुरा होतो."

"तेवढ्याने काय होणार?"

"तू पाठव रे बाबा!"

आला फोटो. तिने तो मोठा केला. कोडाच्या वर 'MODEL' छापलेलं होतं, त्यातला ओ नक्की ओच. खाली तारीख होती, त्यातली शून्यं आणि एक नक्की आकडेच. 'Serial' मधला एल नक्की एल. सगळं एकाच छापाचं. तारखेतलं शून्य उभट होतं, ओ चांगला गरगरीत. कोडातला गोल उभट निघाला. शून्य! मग दुसरं अक्षर. तारखेतल्या एकाच्या डोक्याला बारीक शेंडी होती, 'Serial' मधल्या एलला नव्हती. कोडातला दांडा सरळसोट, बिनशेंडीचा, आणि एकापेक्षा केसभर उंच. म्हणजे एल.

"घालू का?" तिने स्वतःलाच विचारलं आणि त्या विचारण्यावरच चिडली. मेली, सगळं समोर दिसतंय ना? तिने कोड टाकला.

'मान्य' असं आलं. तिने टेबलावर इतका जोरात हात आपटला, की साहेबांचा चहा सांडला.

फोन चालूच होता. दुकानदाराने कॉम्प्युटरवरून जुन्या मशीनची सेटिंग घातली आणि मशीन मुलीच्या कानाला लावलं. मग आईचा आवाज आला, बहुतेक मुलीच्या पाठीमागून, "सोनूऽ"

काहीच नाही. मिरचीने फोन कानाशी घट्ट धरला.

"सोनूऽऽ"

"ओऽ," लांबून, बारीक, हेल काढून.

आई फोनजवळ येऊन काहीतरी बोलायला लागली, पण ते शब्द काही मिरचीला समजले नाहीत, नुसता हुंदका कळला. मिरचीने डोळे पुसले आणि पुन्हा चिडली, कारण साहेब बघत होते.

"ऐका," ती दुकानदाराला म्हणाली, "ओ म्हणायचा हक्क आता त्या पोरीला. तुम्ही शून्याला शून्य म्हणा, नाहीतर तुमच्याच कानात मशीन घालीन."