पन्हळीचे दुसरे टोक

आर्णीजवळच्या एका शाळेत मी चित्रकला आणि सुतारकाम शिकवीत असे. तिथल्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला वर्ष-दीड वर्ष झाले असेल. एके दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर पेन्सिलीने काढलेले एक मडके होते, दोन खांबांमध्ये अडकवलेले. त्याच्या तोंडापासून उजवीकडे एक तिरपी पन्हळ निघून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

"मास्तर, हे प्रत्यक्षात आणा," ते म्हणाले, "तपासणीच्या आधी."

चित्र आणि आराखडा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे. चित्र पाहायला पुरते. करणाऱ्याला मात्र समोरून, बाजूने आणि वरून अशा तीन आकृत्या लागतात. मी फळ्यावर कागद लावला आणि समोरची आकृती घेतली. तिथे पहिली अडचण दिसली. मुख्याध्यापकांनी मडके ज्या खिळ्यांवर फिरायचे ते त्याच्या बुडाशी काढले होते. तसे केले असते तर भरलेले मडके पहिल्याच धक्क्याला कोलमडून फुटले असते. आस भाराच्या मध्याहून थोडा वर हवा, म्हणजे कलवलेले मडके सोडताच आपोआप सरळ होते. हे मी न विचारता दुरुस्त केले.

वरून दिसणारी आकृती मात्र पुढे सरकेना. कागदावरची तिरपी रेघ म्हणजे पन्हळीचा उतार, की ती आपल्यापासून दूर जाते आहे याची खूण? दोन्ही अर्थ निघतात. मी विचारायला गेलो.

"पन्हळीचे दुसरे टोक कुठे येते, सर? पिणारा कुठे उभा राहतो?"

"तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना? तुम्हाला चित्र वाचता येत नाही?" असे म्हणून ते हजेरीपटात तोंड घालून बसले.

खुलासा शिपायाने केला. तो व्हरांड्यात घागर भरीत होता. "कायले एवढं डोकं लावून राह्यले, मास्तर? पन्हाळ भितीतून आरपार जाईन. वस्तीतले पोरं भाईर अंगणात हात धरतीन. इकडचे पोरं इथंच पितीन. मले वरतून वतून द्याची कटकट नाई, अन् इटाळाची भानगड नाई."

मी सुन्न झालो, मग संतापलो. रोज मधल्या सुट्टीत ती मुले अंगणात ओंजळ धरून वाट पाहत, शिपाई येईल तेव्हा त्यांची तहान भागे. ही लाज मोडायची सोडून तिला लाकूड आणि पत्रा यांचे कायमचे रूप द्यायचे होते, आणि तेही माझ्या हातून! शिवाय जे तोंडाने सांगवत नाही ते पेन्सिलीच्या एका अस्पष्ट रेघेत ढकलून, 'प्रत्यक्षात आणा' एवढेच म्हणून मोकळे व्हायचे.

मी ती वस्तू केली. सागाची चौकट केली, ती दोन खांबांमध्ये खिळ्यांवर झुलती अडकवली, तिच्यात मडके बसवले आणि तोंडाला वीतभर पत्र्याची चोच लावली. चौकटीच्या मागच्या कडेची दोरी वरच्या कप्पीवरून खाली आणून पायफळीला बांधली. फळी दाबली की मागची बाजू उचलली जाई आणि चोचीतून धार पडे. पाय काढला की मडके जागेवर येई. मडक्याला कोणाचाच हात लागत नसे. चोचीची उंची मी पहिलीतल्या सर्वांत बुटक्या मुलीवरून घेतली, कारण उंच मुलाला वाकता येते, बुटक्याला वाढता येत नाही. पन्हळ केली नाही.

मुख्याध्यापक भोवती फिरले. "पन्हळ कुठे आहे?"

"वरून पाहिलेल्या आकृतीत माणसाला कुठेतरी उभे करावेच लागते, सर. कोणाला कुठे उभे करायचे ते या कागदावर दाखवा आणि खाली सही करा. संध्याकाळपर्यंत पन्हळ लावतो."

"मी तुम्हाला वस्तू करायला सांगितली होती. अक्कल शिकवायला नाही."

"वस्तू समोर आहे."

त्यांनी पेन्सिल उचलली, कागदाकडे पाहिले, दाराशी उभ्या शिपायाकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. तपासणी जवळ आली होती, आणि शिवाशिव पाळणे आता कायद्याने गुन्हा होता. असली आकृती स्वतःच्या सहीने काढायची त्यांची छाती झाली नाही.

मधली सुट्टी झाली. इतर मुले व्हरांड्यात ठेवलेल्या मडक्याची फळी दाबून पाहू लागली, खिदळली, भिजली. वस्तीतली मुले अंगणातच थांबली. मी त्यांना वर बोलावले. एक मुलगी आली, पण मडक्याकडे न जाता माझ्यासमोर गुडघ्यांत वाकून तिने ओंजळ पुढे केली.

"मी नाही ओतायचो," मी म्हणालो. "पाय ठेव."

तिने शिपायाकडे पाहिले. तो दुसरीकडे पाहू लागला. मग तिने फळीवर पाय दिला. धार आली तरी ती वाकलेलीच राहिली आणि पाणी तिच्या डोक्यावर पडले. "सरळ उभी राहा," मी ओरडलो, गरजेपेक्षा मोठ्याने. राग तिच्यावर नव्हता. ती ताठ झाली, हनुवटी चोचीशी आली, आणि ती पोटभर प्याली.