बहिणीच्या घराचा गिलावा

भावानं बहिणीला भाऊबीजेला साडी द्यावी, फार तर पैंजण द्यावेत. मी भिंत दिली.

मी नगरमध्ये बांधकामाचे ठेके घेतो. बहीण मिरजगावला दिलेली. सासरचं घर जुनं, खाली दगड, वर वीट, सगळं चुन्यात बांधलेलं. पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास चालतो. त्या खोलीतल्या रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा खालून भुसभुशीत होऊन गळायला लागला होता. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात दोन गवंडी घेऊन गेलो, जुना चुना खरवडला आणि एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा मारून दिला. त्यात ओल थांबवणारं औषध घातलं, महिन्याभरानं वर ऑइलपेंट. भिंत आरशासारखी दिसायला लागली. दाजी म्हणाले, "ठेकेदार, काम म्हणजे काम." मी आठवडाभर हवेत होतो.

पुढची दोन वर्षं मी गेलो की बहीण चहा बाहेर ओसरीवरच द्यायची. मला वाटलं, क्लासच्या मुली असतात आत. खरं कारण आण्णांना कळलं. आण्णा म्हणजे आमचे वडील, चुन्याच्या काळातले गवंडी. ते लेकीकडे आठ दिवस राहायला गेले आणि त्यांनी खोलीतलं कपाट सरकवलं. मागे माझ्या गिलाव्याला पोट आलं होतं. खालच्या टोकाला मिठासारखा पांढरा लोणा फुलला होता आणि ओल जवळपास कपाटाच्या उंचीपर्यंत चढली होती. मुलींनी शिवलेले ब्लाऊज बुरशीनं डागाळत होते. सासरी भावाचं नाव खाली जाऊ नये म्हणून ही बाई दोन वर्षं ते कपाट पुढे करून बसली होती. ऐकल्यावर मला इतकी लाज वाटली की दोन घास कमी गेले. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

कपाट सरकलं आणि दाजींनाही सगळं दिसलं. ते शांत माणूस, पण हिशेबी. म्हणाले, "एकदा दुरुस्त करून बघा. येता पावसाळा निघाला तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर घर पाडू, पुढं दुकानं काढू." दुकानं निघाली असती तर ती खोली गेली असती, आणि खोलीबरोबर क्लासही. आण्णा घरी परतले आणि मागोमाग बहिणीचा फोन आला. तोही मला नाही, आण्णांना केला.

इथे एक कबूल करतो. बारा वर्षं मी आण्णांना साइटवर येऊ दिलं नव्हतं. तोंडानं म्हणायचो, "आता आराम करा." मनात असायचं, म्हातारा प्रत्येक विटेला हात लावून बघतो, आपली घाई त्याला झेपत नाही. आता मी त्यांना गाडीत घालून मिरजगावला घेऊन चाललो होतो आणि हाताखालचा माणूस मी होतो.

आण्णांनी भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. पोकळ आवाज आला. "पाणी पायातनं वर येणारच," ते म्हणाले. "जमीनच वली हाय. चुना त्येला भायेर सोडतो. तू दार लावून घेतलंस. मग ते वर चढनार न्हाई तर काय करनार?"

मी म्हणालो, "पण आण्णा, सिमेंट मजबूत असतं."

"मजबूतच हाय. बघ की." त्यांनी छिन्नी लावून एक तुकडा उचकटला. तुकड्याच्या पाठीला विटेची लाल साल चिकटून आली होती. माझा माल विटेपेक्षा कडक निघाला होता आणि त्यानं विटेचंच तोंड सोलून आणलं होतं. चुना विटेपेक्षा मऊ असतो. झीज झालीच तर गिलाव्याची होते, वीट वाचते. हे मला पन्नाशीला कळलं.

थंडीत सगळं सिमेंट उतरवलं. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला आणि भिंत महिनाभर उघडी ठेवली. तोवर अंगणात पिंपात कळीचा चुना विझवून मुरत ठेवला होता. विझताना पाणी असं खदखदलं की शेजारची बाई विचारायला आली, कसला कार्यक्रम आहे. मुरल्यावर चुन्याचं लोणी झालं. एक भाग चुना, तीन भागांत जाड वाळू आणि विटांचा चुरा. भिंत भिजवायची, मग पातळ थर द्यायचा. दुसऱ्या दिवशी बारीक तडे दिसले की गवंड्याच्या लाकडी रंध्यानं दाबून मिटवायचे. तो थर घट्ट झाल्यावरच दुसरा. वर ओली गोणपाटं. सिमेंटसारखा तो एका रात्रीत धरत नाही, हवा खात हळूहळू घट्ट होतो.

आणि मला नगरला एका स्लॅबची घाई होती. दुसऱ्या थराच्या दिवशी आण्णा जेवायला आत गेले, तेवढ्यात मी मालात घमेलंभर सिमेंट टाकून हलवलं. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, लवकर धरेल. कोपऱ्यातला चार हात भाग मारूनही टाकला.

सकाळी आण्णांनी भिंतीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख रुतत रुतत कोपऱ्यात आलं आणि घसरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याच्या राखाडी रंगाकडे.

"ह्यो कुनाचा माल हाय?"

मी पन्नास वर्षांचा, माझ्या हाताखाली पंधरा माणसं, आणि मला शाळेतल्यासारखा घाम फुटला. "माझा," म्हणालो.

ते रागावले नाहीत. "काढ," एवढंच म्हणाले. मी दिवसभर चार हात भिंत खरवडली आणि दारात उभी राहून बहीण हसली. दोन वर्षांत ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं नाही. स्लॅबवाल्याला फोन करून सांगितलं की दोन दिवस उशीर होईल. शेवटी चुन्याचीच सफेदी दिली. ऑइलपेंटचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी मी गेलो. भिंतीच्या तळाला वीतभर काळसर ओल होती. दाजी तिच्याकडे बघत उभे होते. माझा हात गाडीतल्या औषधाच्या डब्याकडे गेला.

"दादा, थांब," बहीण म्हणाली. "आण्णांनी सांगितलंय, हात लावायचा नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या."

मी थांबलो. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. ऊन पडलं आणि तिसऱ्या दिवशी डाग फिका झाला, आठव्या दिवशी गेला. फुगा नाही, पोपडा नाही. दिवाळी सरली तरी दाजींनी दुकानांचा विषय काढला नाही. क्लासला मुली वाढल्यात म्हणून त्यांनी आणखी एक मशीन आणून त्या भिंतीलगत ठेवलं.

त्याच सुमारास नगरच्या जुन्या भागातल्या एका घराचा गिलावा करायला मला विचारणा झाली. भिंती चुन्याच्याच. रात्री जेवताना आण्णांना म्हणालो, "सोमवारी साइटवर येता का?"

"कशाला? बसायला?"

"नाही. मला येत नाही ते."

बारा वर्षांचं सगळं त्या चार शब्दांत आलं. आण्णा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "तुजी मानसं नऊला येत्यात. तवर ऊन भिंतीवर येतं, चुना करपतो. सातला निघू."

सोमवारी सहालाच ते चपला घालून दारात उभे होते.